वडील अकरा वर्षे बेपत्ता आहेत. फ्लॅट आणि जमीन वारसांच्या नावावर कशी होईल?

प्रश्न : "माझे बाबा ऑक्टोबर २०१४ मध्ये घरातून गेले ते परतलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी पोलिसांत मिसिंगची तक्रार दिली. आत्या म्हणते, मे २०१५ मध्ये तिला त्यांचा एकदा फोन आला होता. नंतर काहीच नाही. पुण्यातला सोसायटीतला फ्लॅट आणि सातारा जिल्ह्यात त्यांनी स्वतः विकत घेतलेली ८० गुंठे जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. आजी ऑगस्ट २०१९ मध्ये वारली, तिच्या स्वतःच्या नावावर ३० गुंठे आहेत. तलाठी म्हणतात मृत्यूचा दाखला आणा, महापालिका म्हणते कोर्टाचा आदेश आणा. काका म्हणतात बाबा २०१४ लाच गेले असणार, म्हणून बाबांच्या जमिनीत आमचाही हिस्सा आहे आणि आत्ताच हक्कसोड लिहून द्या. विमा पॉलिसीही आहे, हप्ते २०१५ पासून थांबले. आई, मी आणि माझा भाऊ असे तिघे आहोत. काय करावे?"

उत्तर :

तुमच्या काकांच्या त्या एका वाक्यातच ग्यानबाची मेख आहे. बाबा 'गेले' असे कायद्याने धरायला लावणे फार अवघड नाही. पण ते कधी गेले, या प्रश्नावर तुमच्या आईचा हिस्सा कमी-जास्त होणार आहे. गेली सत्तावीस वर्षे मी दिवाणी कोर्टात वकिली करतो आहे, आणि अशा दाव्यांत घरचे लोक मृत्यू शाबीत करायच्या चिंतेत असतात. तारखेकडे कुणाचे लक्षच नसते. म्हणून आधी तारखेचे बघू, दाव्याची कामे मागाहून.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. एखादी व्यक्ती जिवंत असती तर ज्यांच्या कानावर तिची खबर सहज आली असती, अशा माणसांना सात वर्षे तिची काहीच खबर नसेल, तर ती जिवंत आहे हे शाबीत करण्याची जबाबदारी 'जिवंत आहे' म्हणणाऱ्यावर जाते. हे पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १०८ होते; १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १११ आहे. शब्द जवळपास तेच. आता या कलमात काय नाही ते बघा. सात वर्षे झाली की माणूस आपोआप मयत होतो असे त्यात नाही. तो सातव्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी मेला असेही नाही, आणि ज्या दिवशी घरातून गेला त्याच दिवशी मेला असे तर नाहीच नाही. कलम फक्त शाबितीचा भार इकडून तिकडे हलवते, आणि तेही प्रश्न कोर्टापुढे आल्यावर. म्हणूनच तलाठी किंवा महापालिकेचा निबंधक हे कलम वापरून तुम्हाला दाखला देऊ शकत नाही. दोघांनी तुम्हाला टोलवले असे तुम्हाला वाटत असेल, पण त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

ब्रिटिश काळातले शेवटचे अपील कोर्ट असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने लालचंद मारवाडी यांच्या खटल्यात हेच सांगितले होते की गृहीतक मृत्यूचे आहे, मृत्यूच्या वेळेचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या निकालात ते पक्के केले. त्या प्रकरणात पॉलिसीधारक बेपत्ता झाला, हप्ते थांबले, आणि पुढे घरच्यांनी तो बेपत्ता झाला तेव्हाच वारला असे धरून विम्याचे पैसे मागितले. न्यायालयाने नकार दिला. जो कुणी विशिष्ट तारीख सांगतो त्याने ती पुराव्याने शाबीत करावी. पुरावा नसेल तर फार तर एवढेच धरता येते की प्रश्न कोर्टात उपस्थित झाला त्या दिवशी माणूस हयात नव्हता.

हे तुमच्या घराला लावून पाहू. तुम्ही हिंदू वारसा कायद्याखाली येता, बाबांनी मृत्युपत्र केलेले नाही आणि आजीनेही केलेले नाही, आणि आजोबा आजीच्या आधीच वारले आहेत, असे धरतो. बाबांच्या स्वकष्टार्जित मिळकतीला पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे त्यांची पत्नी, मुले आणि आई, सगळे समान. बाबा आजीच्या आधी वारले असे ठरले तर ८० गुंठ्यांचे चार भाग होतात : आई, तुम्ही, भाऊ आणि आजी, प्रत्येकी २० गुंठे. मग २०१९ मध्ये आजी गेली, तेव्हा तिचे हे २० गुंठे तिच्या वारसांकडे गेले. एक भाग काकांचा, एक आत्याचा आणि एक तुम्हा दोघा भावंडांचा मिळून, कारण आधी वारलेल्या मुलाची मुले आजीची वारस असतात. आधी वारलेल्या मुलाची विधवा मात्र त्या यादीत नाही. म्हणजे काका आणि आत्या यांना बाबांच्या जमिनीत प्रत्येकी ६⅔ गुंठे, तुम्हा दोघांना प्रत्येकी २३⅓, आणि आईला फक्त २०.

आता उलट धरा की आजी गेली तेव्हा बाबा हयात होते, किंवा निदान ते आधी वारले हे कुणी शाबीत करू शकले नाही. मग बाबांच्या वारसांत आजीचे नावच येत नाही. ८० गुंठे तुम्हा तिघांचे, प्रत्येकी २६⅔. शिवाय आजीच्या ३० गुंठ्यांत बाबांचा स्वतःचा १० गुंठ्यांचा भाग निघतो आणि तो पुढे आई, तुम्ही, भाऊ अशा तिघांत वाटला जातो. पहिल्या हिशोबात आजीच्या जमिनीतून आईला एक गुंठाही मिळत नव्हता. तिथले १० गुंठे तुम्हा दोन भावंडांनाच होते.

दोन्ही जमिनी मिळून आईला एका तारखेने २० गुंठे, दुसऱ्या तारखेने ३०. फ्लॅटमध्ये एका तारखेने चौथा हिस्सा, दुसऱ्या तारखेने तिसरा. आणि पहिल्या हिशोबात काका नि आत्या दोघेही त्या फ्लॅटचे बाराव्या हिश्श्याचे सहमालक होतात, त्यामुळे त्यांच्या सहीशिवाय फ्लॅट विकता येणार नाही. काकांना कुणी वकिलाने हे नीट समजावलेले दिसते.

जमेची बाजू ही की हा भार काकांच्या डोक्यावर आहे. बाबा ऑगस्ट २०१९ पूर्वी वारले हे त्यांना पुराव्याने दाखवावे लागेल. 'इतकी वर्षे आले नाहीत म्हणजे तेव्हाच गेले असणार' हा पुरावा होत नाही. हिंदू वारसा कायद्याचे कलम २१ असे सांगते की दोघांपैकी आधी कोण वारले हे ठरवता येत नसेल तर, उलट शाबीत होईपर्यंत, वयाने लहान असलेला मागे राहिला असे धरावे. ते मुख्यतः एकाच दुर्घटनेत सापडलेल्यांसाठी वापरले जाते, त्यामुळे माझा सगळा डाव मी त्यावर लावणार नाही. पण युक्तिवादात ते ठेवावे.

पण हा फायदा आपल्याच हाताने घालवलेला मी पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या, तपशील थोडे बदलून सांगतो. नवरा आळंदीला जातो म्हणून निघाला तो आलाच नाही. नऊ वर्षांनी त्यांनी दुसऱ्या एका वकिलामार्फत दावा केला आणि हुकूमनामाही मिळवला. वादपत्रात चौथ्या परिच्छेदात एक वाक्य होते : 'सदर इसम हे घरातून निघून गेल्याच्या दिनांकापासून मयत झाले आहेत.' टंकलेखकाच्या जुन्या मसुद्यातून आलेले वाक्य. बाईंनी ते वाचले नव्हते, वाचले असते तरी त्यात काही खटकले नसते. हुकूमनाम्यात तीच तारीख उतरली. सासू मधल्या काळात वारली होती. दिरांनी तोच हुकूमनामा तलाठ्यापुढे ठेवला आणि सासूच्या वाट्यातून आपली नावे लावून मागितली. बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत तो हुकूमनामा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये अगदी जपून ठेवलेला होता. त्यातल्या त्या वाक्याखाली मी पेन्सिलने रेघ ओढली आणि त्यांना समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. पुढे तडजोड झाली, पण शेताचा विहिरीकडचा तुकडा गेला तो गेलाच.

म्हणून तुमच्या वादपत्रात मृत्यूची तारीख सांगायचीच नाही. लिहायचे ते एवढेच : अमुक दिवशी घरातून गेले, अमुक दिवसानंतर कुणालाही त्यांची खबर नाही, आणि म्हणून दावा दाखल करतेवेळी ते हयात नाहीत असे कायद्याने गृहीत धरावे. वकील कितीही चांगला असो, हा परिच्छेद तुम्ही स्वतः वाचा, आणि आईला मराठीत वाचून दाखवा, कारण सही तिची असणार आहे.

इथे विम्याचे बोलायला हवे. विम्याचे पूर्ण पैसे हवे असतील तर बाबा हप्ते चालू असताना, म्हणजे २०१५ च्या आसपास वारले असे म्हणावे लागेल. जमिनीसाठी मात्र ते २०१९ पूर्वी वारले हे नाकारायचे आहे. एकाच माणसासाठी दोन कचेऱ्यांत दोन तारखा सांगता येत नाहीत. विमा कंपनीला दिलेले प्रतिज्ञापत्र काका उलटतपासात तुमच्या आईच्या हातात देतील. अनुराधा निकालानंतर पूर्ण विमा रक्कम मिळण्याची आशा तशीही क्षीण आहे. पुरेशी वर्षे हप्ते भरून झाल्यावर ते थांबले असतील, अशा पॉलिसीला पेड-अप म्हणतात, तर तिचे कमी झालेले मूल्य कुठल्याही तारखेने मिळते. तेवढ्यावर समाधान माना आणि विमा कंपनीला दाव्याआधी काहीही लिहून देऊ नका. ज्यांचे हप्ते अजून चालू आहेत अशा घरांनी मात्र हुकूमनामा होईपर्यंत ते भरत राहावेत.

आता सात वर्षे कुठून मोजायची. घरातून गेल्याची तारीख ती नव्हे, पोलिस तक्रारीचीही नव्हे. शेवटची खबर ज्या दिवशी मिळाली तो दिवस धरायचा. तुमच्या बाबतीत आत्याला फोन आला तो मे २०१५. मुदत मे २०२२ मध्ये पुरी झाली, म्हणजे तुम्ही सुरक्षित आहात. तरीही बँकेतून बाबांच्या सगळ्या खात्यांचे ऑक्टोबर २०१४ पासूनचे उतारे आधी काढून घ्या. एका प्रकरणात आम्ही दावा तयार करून बसलो होतो, आणि उताऱ्यात बेपत्ता झाल्यानंतर अकरा महिन्यांनी नाशिकच्या एका एटीएममधून दोन हजार काढल्याची नोंद सापडली. कार्ड चोरीला गेले असेल, कुणी वापरले असेल, काहीही असेल. पण ती नोंद समोरच्याने कोर्टात आधी दाखवली असती तर आमची सात वर्षे तिथेच तुटली असती. आम्ही अकरा महिने थांबलो, नोंद स्वतःहून वादपत्रात सांगितली आणि मगच दावा घातला. लपवलेली खबर उलटतपासात बाहेर आली की साक्षीदारावरचा सगळाच विश्वास जातो. आत्याचा फोनही तसाच उघड सांगा.

उलट्या बाजूने, काही प्रकरणांत सात वर्षे नव्हे पंधरा वर्षे झाली तरी गृहीतक लंगडे पडते. माणूस कर्जदारांना चुकवून गेला असेल, त्याच्यावर वॉरंट असेल, किंवा घरात मोठे भांडण करून 'तोंड दाखवणार नाही' म्हणून गेला असेल, तर कोर्ट विचारते : हा जिवंत असता तरी घरी कळवले असते का? कलमातली अट तीच आहे, ज्यांना सहज खबर लागली असती त्यांना लागली नाही. बाबांच्या जाण्यामागे असे काही असेल तर ते वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा.

मुदतीचा मुद्दाही काका काढतील. कोर्टाने हक्क जाहीर करावा अशा, म्हणजे जाहीरनाम्याच्या, दाव्याला दावा करण्याचा हक्क निर्माण झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, आणि ते म्हणतील की मे २०२२ अधिक तीन, म्हणजे मे २०२५ ला तुमचा दावा मेला. माझी भूमिका अशी की सात वर्षे पुरी होणे हा पुराव्याचा नियम आहे, त्या दिवशी तुमचा कुठला हक्क कुणी नाकारलेला नसतो. तुमचा हक्क नाकारला गेला तो तलाठ्याने वारस नोंद नाकारली तेव्हा, महापालिकेने दाखला नाकारला तेव्हा, काकांनी हिस्सा मागितला तेव्हा. म्हणून हे नकार कागदावर आणा. दोन्ही कचेऱ्यांत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि लेखी उत्तर मागा. तोंडी 'कोर्टात जा' याला तारीख नसते.

दाव्याची मांडणी. वादी तुम्ही तिघे. बाबा स्वतः पहिले प्रतिवादी. त्यांच्या नावाचे समन्स शेवटच्या पत्त्यावर जाऊन परत येते, मग कोर्टाच्या परवानगीने वर्तमानपत्रात जाहीर समन्स निघते, आणि त्यावरही कुणी आले नाही ही गोष्टच पुढे पुरावा होते. काका आणि आत्या यांना प्रतिवादी करायलाच हवे. त्यांना वगळून मिळवलेला हुकूमनामा त्यांच्यावर बंधनकारक राहणार नाही आणि मग तारखेचा वाद पुन्हा पहिल्यापासून. सोबत महाराष्ट्र शासन आणि जन्म-मृत्यू निबंधक. शासनाला पक्षकार करायचे तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. ही नोटीस विसरल्यामुळे वर्षभर चाललेला दावा मागे घ्यावा लागल्याचे मी पाहिले आहे. तेव्हा नोटीस आज पाठवली तरी दावा दोन महिन्यांनीच दाखल करता येईल, तो वेळ कागद जमवायला वापरा.

मागण्या नुसत्या 'मयत घोषित करा' एवढ्यावर ठेवू नका. विशिष्ट दाद कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे, पुढची दाद मागता येत असताना केवळ जाहीरनामा मागितला तर कोर्ट दावा फेटाळू शकते. म्हणून बाबा हयात नाहीत असे गृहीत धरावे. वादी हेच त्यांचे वारस आहेत आणि त्यांचे हिस्से असे असे आहेत हे ठरवावे. आजीच्या जमिनीत बाबांच्या वाट्याचे वारस कोण हेही ठरवावे. आणि निबंधकाने अमुक तारीख व अमुक ठिकाण धरून मृत्यूची नोंद घ्यावी. शेवटची मागणी किरकोळ वाटते, पण तिच्यावाचून हुकूमनामा घेऊन गेलेले लोक खिडकीवरून परत आलेले आहेत. मृत्यूच्या नोंदीच्या अर्जात तारीख आणि ठिकाण हे रकाने असतात, आणि ते निबंधक स्वतःच्या मनाने भरू शकत नाही. नोंदीपुरती तारीख म्हणून दावा दाखल झाल्याचा दिवस मागा.

साक्षीपुराव्यात आई एकटी पुरत नाही. 'ज्यांना सहज खबर लागली असती' असे लोक म्हणजे बाबांचा एखादा जिवलग मित्र, जुना सहकारी, गावाकडचा शेजारी. यांतला निदान एक, ज्याला तुमच्या मिळकतीत काडीचाही हिस्सा नाही, असा पिंजऱ्यात उभा करा. आत्याची साक्ष फार मोलाची आहे. फोन तिला आला होता, आणि तुमचा दावा खरा ठरला तर बाबांच्या जमिनीतला तिचा संभाव्य भाग जातो. म्हणून तिने 'मे २०१५ नंतर मलाही काही कळले नाही' एवढेच सांगितले तरी न्यायाधीश त्यावर विश्वास ठेवतील. पोलिस ठाण्यातून मिसिंगच्या नोंदीची नक्कल आणि तपासात शोध लागला नाही असे पत्र घ्या. लक्षात ठेवा, ती प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, नसते, मिसिंग रजिस्टरमधली नोंद असते, आणि जुन्या रजिस्टरमधून ती शोधून काढायला चकरा माराव्या लागतात. त्या वेळी वर्तमानपत्रात फोटोसह निवेदन दिले असेल तर त्याचे मूळ पान जपा.

आता एक कागद, जो तुम्ही प्रश्नात सांगितलेला नाही आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे. आजी गेल्यावर तिच्या ३० गुंठ्यांना वारस नोंद झाली का? झाली असेल तर काकांनीच अर्ज दिला असणार. तो फेरफार, वारसांच्या नोंदवहीचा म्हणजे गाव नमुना ६-क चा उतारा, आणि मुख्य म्हणजे अर्जासोबत जोडलेले काकांचे प्रतिज्ञापत्र यांच्या सही-शिक्क्याच्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. त्यात काकांनी बाबांचे नाव मुलगा म्हणून, वारस म्हणून लिहिले असेल, तर काकांनी २०१९ मध्ये शपथेवर सांगितले आहे की आजीच्या मृत्यूवेळी बाबा वारस होते. माझ्या एका दाव्यात समोरच्या भावाला मी असेच त्याचे प्रतिज्ञापत्र दाखवले होते. 'सही तुमचीच का?' 'होय.' 'यात वारस क्रमांक दोन कोण?' तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला, मग म्हणाला, 'भाऊ.' पुढे 'मयत' असा शेरा आहे का, विचारले, नव्हता. त्या तीन प्रश्नांनंतर तारखेचा वाद संपल्यात जमा होता.

त्या फेरफारात बाबांचे नावच नसेल, किंवा 'मयत, वारस नाहीत' असे काही असेल, तर ते दुसरेच दुखणे. तेव्हा कोणत्याही तारखेने तुमच्या शाखेचा १० गुंठ्यांचा वाटा बुडवलेला आहे. महसूल संहितेच्या कलम २४७ खाली प्रांताकडे अपील करा आणि उशीर माफीचा अर्ज जोडा. दाव्यातही ती नोंद बंधनकारक नाही असे मागा. फेरफाराने मालकी ठरत नाही, पण कलम १५७ प्रमाणे ती नोंद चुकीची ठरेपर्यंत खरी धरली जाते, म्हणून दुर्लक्ष नको.

काकांनी मागितलेले हक्कसोडपत्र सध्या कुणीच लिहू नये, तुम्हीही नाही, त्यांनीही नाही. वारसाहक्क मृत्यूनंतर उघडतो. त्याआधी 'पुढे मिळेल' अशा आशेचे हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्यात मुळात होतच नाही. तुम्ही सही केलीत तर तो कागद बाबांच्या मिळकतीपुरता फार उपयोगाचा नसला तरी, 'बाबा आधीच वारले होते' अशी कबुली म्हणून तुमच्याविरुद्ध नक्की वापरला जाईल. आणि कुणी 'गावाकडून मृत्यूचा दाखला काढून देतो' म्हणाले तर त्या वाटेला जाऊ नका. खोट्या ठिकाणाची, खोट्या तारखेची नोंद हा फौजदारी गुन्हा आहे, आणि त्यावर उभी राहिलेली प्रत्येक विक्री पुढे कोसळते.

हुकूमनामा झाल्यावरची वाट सरळ आहे. प्रमाणित नकला पाच-सहा काढा. अपिलाची मुदत जाऊ द्या. मग निबंधकाकडे मृत्यूची नोंद. दाखला हातात आला की गावी वारस नोंदीचा अर्ज. हल्ली तो ई-हक्क प्रणालीतूनही देता येतो. ६-क मध्ये वारस चौकशी, मग फेरफार, सर्वांना नोटिसा, हरकतीसाठी पंधरा दिवस, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सोसायटीकडे हुकूमनामा, दाखला आणि सभासदत्वाचे अर्ज द्या. बाबांनी आईचे नामनिर्देशन केले असेल तर सोसायटी आईला तात्पुरते सभासद करून घेऊ शकते, पण नामनिर्देशनाने आई एकटी मालक होत नाही. तिघांचे हिस्से तसेच राहतात. बँकेतली रक्कम मोठी असेल तर बँक वेगळे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागेल. ते ठेवी आणि रोख्यांसाठीच असते, जमिनीसाठी नाही. जमिनीसाठी आपल्याकडे १८२७ च्या मुंबई विनियम ८ खालचा वारस दाखला मिळतो, पण हिस्से ठरवणारा हुकूमनामा हाती असताना तुम्हाला तो बहुधा लागणार नाही.

तोपर्यंतच्या काळात फ्लॅटचा देखभाल खर्च, मिळकतकर आणि जमिनीचा सारा आईच्या खात्यातून भरा आणि पावत्या बाबांच्या नावाने घ्या. सात-बारावरच्या पीकपाहणीत कोण कसतो ते दरवर्षी बघा. काका कसत असतील तर ते तुमच्या वतीने कसतात असे दोन ओळींचे पत्र आजच घेऊन ठेवा. फ्लॅट विकण्याचा करार, अगदी विसार घेऊनसुद्धा, हुकूमनाम्याआधी करू नका, कारण बाबांच्या वतीने सही करायचा अधिकार सध्या कुणालाच नाही.

आणि तुमची आई तुम्हाला विचारेल म्हणून सांगतो, माझ्याकडे आलेल्या प्रत्येक बाईने विचारले आहे : 'मी सही केली म्हणजे ते मेले असे मी म्हटले का?' नाही. कोर्ट गृहीत धरते, आणि ते गृहीतक खोडता येण्याजोगे असते. बाबा उद्या दारात उभे राहिले तर हा हुकूमनामा त्यांना त्यांच्या घरातून काढत नाही; ते कोर्टात येऊन तो रद्द करून घेऊ शकतात आणि आपली मिळकत परत मागू शकतात. म्हणूनच अशा मिळकतीचा खरेदीदार तुमच्याकडून हमीपत्र मागतो, आणि ते द्यावे लागते. तुम्हाला विक्रीची घाई नसेल तर फ्लॅट काही वर्षे तिघांच्या नावावर तसाच राहू द्या, आणि आईला तिथे राहू द्या.

सध्या कामाचा क्रम असा धरा. पहिल्या आठवड्यात तहसीलमधून २०१९ च्या फेरफाराची नक्कल आणि बँकेचे उतारे. त्यानंतर तलाठी नि महापालिकेला लेखी अर्ज. मग आत्याला भेटा; वकिलाला न्यायचे नाही, आईला घेऊन जा. तिने फोनचा दिवस, वेळ, बाबा काय बोलले, हे जसे आठवते तसे सांगावे आणि तुम्ही ते तिच्यासमोर लिहून घ्यावे.